बैठकीतला वेळ आणि मुद्द्याचे वजन

बैठकीत एखाद्या विषयावर किती वेळ बोलणे झाले, यावरून त्या विषयाचे महत्त्व कळत नाही. वेळ ठरतो तो खोलीत बसलेल्या माणसांवरून: कोणाला काय माहीत आहे, कोणाला बोलण्याची मुभा आहे, कोणत्या मुद्द्यावर मतभेद दाखवणे सोपे आहे. महत्त्व ठरते ते बैठक संपल्यानंतरच्या घडामोडींवरून: काय बदलले, कोणावर जबाबदारी आली, कोणती गोष्ट आता मागे घेता येणार नाही. ही दोन मापे कधी जुळतात, पण ती जुळण्यामागे कसलाही नियम नसतो. तरीही बहुतेक सारांश वेळेच्या प्रमाणात लिहिले जातात. तास-दीड तास ऐकत बसलेल्या लेखनिकाच्या वहीत ज्या विषयाची चार पाने भरलेली असतात, त्याला सारांशात चार परिच्छेद मिळतात. दोन ओळींत आटोपलेल्या विषयाला एक वाक्य मिळते, आणि पुष्कळदा तेही मिळत नाही.

वेळ कुठे जातो याचे सर्वात प्रसिद्ध वर्णन सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात केले. त्यांनी रंगवलेल्या काल्पनिक वित्त समितीपुढे तीन विषय येतात. एक कोटी डॉलरांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण बहुतेक सदस्यांना त्यातले काही कळत नाही आणि ते कबूल करण्याची कोणाची तयारी नसते. कर्मचाऱ्यांच्या सायकलींसाठी बांधायच्या छपरावर पाऊण तास जातो. छप्पर प्रत्येकाने पाहिलेले असते, त्यामुळे पत्रा कोणता घ्यावा यावर प्रत्येकाला मत असते. बैठकीतल्या कॉफीचा किरकोळ खर्च सव्वा तास चालतो आणि तरीही निर्णय होत नाही. हे उदाहरण आता घासून गुळगुळीत झाले आहे. त्याचा उपयोग बहुधा समित्यांना हसण्यासाठी होतो आणि त्यातली कामाची गोष्ट बाजूला राहते. ती अशी की बोलण्याचा वेळ विषयाच्या आकारावर अवलंबून नसतो. त्या विषयावर किती जण न घाबरता बोलू शकतात, यावर तो अवलंबून असतो. सायकलींच्या छपरावर पाऊण तास बोलणारी माणसे मूर्ख नसतात. जिथे आपल्या मताने फरक पडेल असे त्यांना वाटते, तिथे ती बोलतात.

दुसरे कारण प्रयोगातून पुढे आले. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना तीन उमेदवारांतून विद्यार्थी संघाचा अध्यक्ष निवडायला सांगितले. काही गटांत सगळी माहिती सगळ्यांना दिली होती. इतर गटांत उमेदवारांबद्दलची काही माहिती सर्वांना सारखी होती, तर काही तुकडे एकेकालाच ठाऊक होते. हे तुकडे एकत्र केले असते तर सर्वोत्तम उमेदवार कोण हे उघड दिसले असते. पण चर्चेत ते तुकडे फारसे बाहेर आलेच नाहीत. जे सर्वांना आधीच माहीत होते त्यावरच गट बोलत राहिले आणि बहुतांशी चुकीच्या उमेदवाराकडे वळले. कारण साधे आहे. जी गोष्ट चौघांना ठाऊक असते ती निघण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि ती निघाली की बाकीचे मान डोलावतात, दुजोरा देतात, त्यात भर घालतात. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट एकदा सांगितली जाते, तिला दुजोरा देणारा कोणी नसतो, आणि बोलणे पुढे सरकते.

सारांश लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष पार्किन्सनच्या गोष्टीपेक्षा जास्त गंभीर आहे. बैठकीत सर्वाधिक वेळ मिळालेली माहिती बहुतेकदा वाचणाऱ्यालाही आधीपासून माहीत असते. नवी माहिती एकाच तोंडून, एकदाच, थोडक्यात येते. वेळेच्या प्रमाणात लिहिलेला सारांश वाचकाला त्याचे ज्ञान परत करतो आणि त्याला जे कळायला हवे होते तेच वगळतो.

हैदराबादसारख्या शहरात यात भाषेचीही भर पडते. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी बोलणारी माणसे एका टेबलाभोवती बसतात. ज्या भाषेत बैठक चालते ती ज्याला सफाईने येते तो दहा मिनिटे बोलतो, आणि जो ती अडखळत बोलतो तो तीच गोष्ट एका वाक्यात संपवतो. दोघांच्या वेळेतला फरक हा भाषेवरच्या हुकमतीचा असतो, मुद्द्याच्या वजनाचा नसतो.

बोलण्याच्या मिनिटांऐवजी बोलणाऱ्यांची डोकी मोजली तर काम भागेल असे वाटू शकते. जुन्या हैदराबाद राज्याच्या विधानसभेतली १९५५ च्या अखेरीची चर्चा त्या समजुतीला उत्तर देते. फाजल अली आयोगाने त्या वर्षी राज्य पुनर्रचनेचा अहवाल दिला होता. हैदराबाद राज्यातल्या तेलुगू भागाचे तूर्त वेगळे राज्य राहावे आणि १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठरवले तरच ते आंध्रात विलीन व्हावे, अशी त्याची शिफारस होती. हैदराबादच्या सभागृहात यावर जी मते मांडली गेली, त्यांचा गोषवारा पुढे आकड्यांतच सांगितला जात राहिला: विलीनीकरणाच्या बाजूने १०३, विरोधात २९. त्या १०३ मध्ये मराठवाड्याचे आणि कन्नड जिल्ह्यांचे सदस्यही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे जिल्हे मुंबई आणि म्हैसूर राज्यांत गेले. ज्या राज्याबद्दल मत नोंदले गेले, त्या राज्यात ते राहणारच नव्हते. याउलट विरोध करणाऱ्यांच्या मागे ठोस भीती होती: नोकऱ्या, शिक्षण, तेलंगणाच्या महसुलातली शिल्लक आणि स्थानिकांना संरक्षण देणारे मुलकी नियम. हीच भीती २० फेब्रुवारी १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराचा गाभा झाली आणि १९६९ च्या आंदोलनात तीच रस्त्यावर आली. १०३ आणि २९ हे आकडे खोटे नाहीत. पण निर्णयाचे परिणाम कोण भोगणार आणि त्यांना नेमके काय टोचते आहे, हे त्या गोषवाऱ्यातून कळत नाही. त्या चर्चेतली सर्वात दूरवर पोचलेली गोष्ट नेमकी तीच होती.

याच प्रश्नाचा शेवट २०१४ साली झाला, तेव्हा वेळ आणि वजन यांची फारकत आणखी स्पष्टपणे दिसली. आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रपतींनी हैदराबादच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवले. मत देण्याची मुदत आधी २३ जानेवारीपर्यंत होती, ती पुढे ३० जानेवारीपर्यंत वाढवण्यात आली. त्या आठवड्यांत सभागृहात घोषणा झाल्या, तहकुब्या झाल्या, लांबलचक भाषणे झाली, आणि नऊ हजारांहून अधिक दुरुस्ती-सूचना आल्या. शेवटच्या दिवशी विधेयक फेटाळणारा मुख्यमंत्र्यांचा ठराव गोंधळातच आवाजी मतदानाने मंजूर झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. म्हणजे त्या काळातले सर्वात लांब चाललेले कामकाज कायदेशीर परिणामाच्या दृष्टीने जवळजवळ निष्प्रभ होते. १८ फेब्रुवारीला लोकसभेने ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले आणि त्या वेळी सभागृहाचे थेट प्रक्षेपणही खंडित झाले होते.

मग २० फेब्रुवारीला राज्यसभेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी एक छोटे निवेदन केले. त्यात सहा मुद्दे होते. पहिला असा की केंद्रीय साहाय्यासाठी उर्वरित आंध्र प्रदेशाला पाच वर्षे विशेष श्रेणीचा दर्जा दिला जाईल. निवेदन काही मिनिटांचे होते. विधेयकाच्या मजकुरात ते नव्हते आणि नंतर झालेल्या कायद्यातही ते आले नाही. पण पुढची चार-पाच वर्षे आंध्रचे राजकारण याच वाक्याभोवती फिरले. केंद्रातल्या नव्या सरकारने चौदाव्या वित्त आयोगानंतरच्या परिस्थितीचा हवाला दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दर्जाऐवजी विशेष आर्थिक मदत जाहीर केली. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देसम केंद्रातल्या आघाडीतून बाहेर पडला, आणि २० जुलै २०१८ ला त्या पक्षाच्या अविश्वास प्रस्तावावर लोकसभेत चर्चा झाली.

या प्रकरणात सारांशाच्या दोन प्रचलित पद्धती तपासून पाहता येतात आणि दोन्ही अपुऱ्या ठरतात. जो वेळेच्या प्रमाणात लिहील, तो गदारोळाचे वर्णन करील. ज्यांना ही पद्धत उथळ वाटते ते दुसऱ्या टोकाला जातात आणि फक्त संमत झालेले नोंदतात: विधेयक मंजूर, हैदराबाद जास्तीत जास्त दहा वर्षे दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी, इत्यादी. कार्यालयांत ही पद्धत शिस्तीची समजली जाते. पण तिच्यातूनही पंतप्रधानांचे आश्वासन निसटते, कारण तो ठराव नव्हता. ठरावाइतकाच वजनदार असा हा दुसरा प्रकार आहे: जबाबदार व्यक्तीने भर बैठकीत दिलेला शब्द, ज्याच्या भरवशावर इतर लोक आपली पावले टाकतात. असा शब्द नोंदताना तो कोणी दिला, कोणत्या मुदतीसाठी दिला आणि तो अंतिम मसुद्यात आला की नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र यायला हव्यात. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आश्वासन मसुद्याबाहेर राहिले आहे, ही नोंदच पुढच्या वादाचा सर्वात उपयुक्त पुरावा ठरते.

बैठकीत ज्याला मुळीच वेळ मिळत नाही, असाही एक महत्त्वाचा प्रकार असतो, आणि त्याचे सर्वात ठळक उदाहरणही हैदराबादचेच आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज ही कंपनी पूर्णपणे आणि मेटास इन्फ्रामधला निम्म्याहून किंचित अधिक हिस्सा, असे दोन्ही मिळून सुमारे १६० कोटी डॉलरांना विकत घेण्याचा प्रस्ताव होता. राजू बंधूंचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे त्यांनी निर्णयात भाग घेतला नाही आणि अध्यक्षस्थान एका स्वतंत्र संचालकाकडे गेले. मंडळावर नामवंत प्राध्यापक, तंत्रज्ञ आणि निवृत्त उच्चपदस्थ होते. नंतर वृत्तपत्रांतून पुढे आलेल्या इतिवृत्तावरून दिसते की त्यांनी प्रश्नही विचारले: मूल्यांकन कसे केले, सॉफ्टवेअर कंपनीने बांधकामात का शिरावे, नियमांचे पालन झाले आहे का. शेवटी प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. गुंतवणूकदारांनी तो इतक्या जोराने झिडकारला की काही तासांत कंपनीला तो मागे घ्यावा लागला.

७ जानेवारी २००९ रोजी राजूंचे पत्र आले. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात दाखवलेल्या ५३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मेटासची खरेदी हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असेही त्या पत्रात म्हटले होते. आता त्या बैठकीकडे पुन्हा पाहावे. चर्चा किमतीवर झाली, धंद्याच्या दिशेवर झाली, नियमांवर झाली. ज्या रोख रकमेच्या भरवशावर एवढी खरेदी सुचवली गेली होती, ती रक्कम आहेच, असे सर्वांनी धरून चालले होते. ती लेखापरीक्षित ताळेबंदात होती, सगळ्यांनी ती वाचली होती, म्हणून तिच्यावर बोलण्यासारखे काही उरले नव्हते. स्टॅसर आणि टायटस यांच्या प्रयोगात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सतत बोलली जाते. येथे ती इतकी पक्की मानली गेली की बोलण्याच्या पलीकडे गेली. दोन्ही प्रसंगांत वेळेचे माप फसवेच होते.

यावरून कोणी असे म्हणू नये की चांगल्या इतिवृत्ताने घोटाळा उघड झाला असता. सारांश लिहिणारा लेखापरीक्षक नसतो आणि खोटी बँक-प्रमाणपत्रे त्याला ओळखता येणार नाहीत. तो एवढेच करू शकतो की निर्णय कोणत्या गृहीतकावर उभा आहे आणि त्या गृहीतकाचा आधार कोणता कागद आहे, हे निर्णयाच्या शेजारी लिहू शकतो. रक्कम कंपनीच्या रोख शिलकीतून द्यायची, ती शिलक अमुक तारखेच्या ताळेबंदानुसार, मूल्यांकन अमुक संस्थेचे, ते मंडळापुढे संपूर्ण ठेवले की केवळ आकडा सांगितला: अशा चार ओळी लिहायला घेतल्या की निदान एक जागा रिकामी आहे, हे लिहिणाऱ्याला दिसते. एखाद्या प्रश्नाला उत्तर मिळाले की फक्त दिलासा मिळाला, हा फरक बोलण्याच्या ओघात कळत नाही. कागदावर कळतो.

कायद्याची अपेक्षाही याच दिशेची आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे इतिवृत्तात कामकाजाचा रास्त आणि अचूक सारांश हवा, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावे हवीत. असंबद्ध किंवा बिनमहत्त्वाचा मजकूर वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. कंपनी सचिवांच्या संस्थेचे पहिले सचिवीय मानक आणखी पुढे जाते. प्रत्येक प्रस्तावाची थोडक्यात पार्श्वभूमी आणि चर्चेचा गोषवारा द्यावा, आणि मोठ्या निर्णयांच्या बाबतीत तो निर्णय कशामुळे घेतला हेही लिहावे, असे ते सांगते. कोणी किती बोलले, हे कायद्याने कुठेही मागितलेले नाही.

मोठ्या कंपनीतून खाली उतरून साध्या बैठकीचे उदाहरण घेतले तर पद्धत कळते. समजा, हैदराबादच्या पश्चिमेकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीची एप्रिलमध्ये दीड तासाची बैठक झाली. पन्नास मिनिटे पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर गेली आणि काहीच ठरले नाही. वीस मिनिटे गणेशोत्सवाची वर्गणी किती असावी यावर गेली आणि ती गेल्या वर्षीइतकीच ठेवायचे ठरले. पंधरा मिनिटे क्लब हाउसच्या रंगकामाच्या कोटेशनवर गेली. उरलेल्या वेळात देखभाल पाहणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की तीनपैकी एक बोअर आटली आहे आणि दुसरीचे पाणी दिवसातून दोनच तास येते. खजिनदार म्हणाले की टँकरचा खर्च वाढला तर राखीव निधीतून भागवू. कोणी काही विचारले नाही, कारण चहा आला होता.

वेळेप्रमाणे लिहिलेला सारांश पार्किंगपासून सुरू होईल आणि पाण्याला शेवटच्या ओळीत 'इतर विषय' म्हणून टाकील. वजनाप्रमाणे लिहिलेला सारांश पाण्यापासून सुरू होतो: एक बोअर बंद, दुसरी जेमतेम, टँकरचा खर्च वाढण्याची शक्यता. खर्च राखीव निधीतून करण्याचे खजिनदारांचे म्हणणे, त्यावर ठराव नाही, निधीत सध्या किती रक्कम आहे हे बैठकीत सांगितले गेले नाही. मग वर्गणी आणि रंगकाम, प्रत्येकी एक ओळ. शेवटी पार्किंग: चर्चा झाली, निर्णय नाही, मतभेद अमुक दोन पर्यायांत, पुढच्या बैठकीत कोण काय घेऊन येणार. दुसऱ्या सारांशात पाण्याला दिलेली जागा बैठकीतल्या वेळेच्या कितीतरी पट आहे, आणि तरीही त्यात बैठकीत न घडलेले काहीही नाही. 'ठराव नाही' आणि 'रक्कम सांगितली गेली नाही' ही दोन वाक्येसुद्धा घडलेल्या गोष्टीचीच नोंद आहेत.

असे लिहिता यावे म्हणून बैठकीतच टिपण वेगळ्या रीतीने घ्यावे लागते. अनुभवी लेखनिक समासात खुणा करतात: हा निर्णय, हा कोणाचा शब्द, हे गृहीतक, हा प्रश्न उघडा राहिला. खूण करायला एक क्षण लागतो, पण नंतर वही उघडल्यावर पानांच्या संख्येऐवजी आधी खुणा दिसतात. कोणत्या खुणेला पुढे आणायचे हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. हा मुद्दा सगळे विसरले तर पुढच्या बैठकीआधी काही अडेल का? हा निर्णय परत फिरवायला किती खर्च येईल? ज्याच्यावर याचा परिणाम होणार आहे, तो बैठकीला होता का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर त्या मुद्द्याला जास्त जागा द्यायला हवी, कारण गैरहजर माणसाला सारांशाखेरीज दुसरा आधार नसतो.

वेळेला अजिबात किंमत देऊ नये, असा याचा अर्थ नाही. एखाद्या विषयावर लोक पन्नास मिनिटे बोलले, तर त्यांना तो विषय लागतो आहे, ही स्वतंत्र माहिती आहे. निर्णय झाल्यावरही लोक पुन्हा पुन्हा त्याच विषयाकडे वळत असतील तर निर्णय मनापासून स्वीकारलेला नाही, आणि अंमलबजावणीत तो अडखळेल. ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते आणि सांगायला हवी. उलट, मोठा खर्च दोन मिनिटांत मंजूर होतो तेव्हा दोनच शक्यता असतात. आधी कागद फिरले होते, लोकांनी वाचले होते आणि शंका तिथेच मिटल्या होत्या, किंवा कोणाला कळलेच नव्हते. बैठकीत या दोन्ही एकसारख्या दिसतात. कागद किती दिवस आधी मिळाला होता हे सारांशात लिहिले, तर वाचकाला त्यांतला फरक ओळखता येतो.

या पद्धतीतला खरा धोका वेगळा आहे. वजन ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याच्या हातात येतो, आणि लिहिणारा बहुधा कोणाचा तरी हाताखालचा असतो. वेळेचे माप निदान सर्वांसमोर मोजता येते. वजनाचे माप म्हणजे एका व्यक्तीचा अंदाज, आणि तो साहेबाला रुचेल असा झुकू शकतो. म्हणूनच सारांशात काय पुढे आणले याबरोबर काय मागे टाकले हेही तपासता आले पाहिजे. त्यासाठी पाळण्याची रीत जुनीच आहे: कच्चा मसुदा उपस्थितांकडे फिरवणे. वर उल्लेखलेल्या सचिवीय मानकात त्याच्या मुदती दिल्या आहेत. बैठक संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा संचालकांकडे, त्यांचे अभिप्राय ७ दिवसांत, आणि ३० दिवसांत इतिवृत्त पुस्तकात नोंद. सोसायटीला किंवा छोट्या कार्यालयाला एवढी मुदत लागत नाही. दोन दिवस पुरतात. पण फिरवताना 'काही दुरुस्ती असल्यास कळवा' एवढेच लिहिले तर लोक आपल्या भाषणातली वाक्ये शोधतात आणि ती सापडली नाहीत की तक्रार करतात, म्हणजे वेळेचे माप मागच्या दाराने परत येते. त्याऐवजी नेमके विचारावे: तुम्ही दिलेला शब्द बरोबर नोंदला आहे का, तुमची असहमती आली आहे का, आणि तुम्ही एकदाच सांगितलेली एखादी गोष्ट राहून गेली आहे का. या शेवटच्या प्रश्नाला सर्वात कमी उत्तरे येतात. ती बहुधा बैठकीत सर्वात कमी बोललेल्या माणसांकडून येतात, म्हणून त्यांना स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.